पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोतली चष्म्याची चमक एडिट करून काढू नका

"चष्म्यावर लाइट आला म्हणून पासपोर्ट-व्हिसाचा फोटो परत काढायची गरज नाही. मोबाइलवर एका मिनिटात चमक जाते, डाग, तीळ, डोळ्याखालचं काळं पण काढून टाका, चेहरा तोच राहतो आणि फोटो क्लीन दिसला की लगेच पास होतो. सगळे स्टुडिओवाले हेच करतात. पुढे पाठवा, लोकांचे पैसे वाचतील."

हा मेसेज एका आठवड्यात मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा. माझा ठाण्याच्या नौपाड्यात छोटा स्टुडिओ आहे, अर्धा धंदा पासपोर्ट साइज आणि व्हिसाच्या फोटोंचा, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

पहिलं चमकेचंच घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. लोकांना वाटतं चमक म्हणजे काचेवर बसलेली धूळ, पुसली की मागचा डोळा दिसेल. तसं नसतं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. फ्लॅश काचेवरून सरळ लेन्समध्ये आला की तिथले तिन्ही आकडे २५५ वर जाऊन अडकतात, म्हणजे पांढराफटक. त्या जागेवर पापणी होती का बुबुळाची कड होती हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. मग ॲप काय करतं, तर आजूबाजूची त्वचा ओढून आणतं, नाहीतर दुसरा डोळा उलटा करून तिथे चिकटवतं, नाहीतर सरळ आपल्या मनाने एक डोळा तयार करतं. चमक गेली असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे तिथे न दिसलेला डोळा कोणीतरी रंगवून ठेवलाय. कोटिंगवाल्या काचेवर जी फिकट हिरवी झाक येते तिच्या खालून डोळा थोडाफार दिसतो हे खरं, पण त्यातलं किती काचेचं आणि किती डोळ्याचं हे वेगळं करणं पण अंदाजच, म्हणून तिथेही फोटो परत काढणंच बरोबर.

आता एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच दुकानातला. वसंत विहारच्या एक काकू, वय सत्तरच्या आसपास, मुलगा जर्मनीत, त्याच्याकडे जायला शेंगेन व्हिसा हवा होता. शेंगेनला चष्मा चालतो, पण डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत आणि काचेवर चमक नको. काकू म्हणाल्या चष्मा काढला की मी मीच वाटत नाही, राहू दे. मी त्या दिवशी बाहेर होतो, कामाला असलेल्या मुलाने फोटो काढला, उजव्या काचेवर भलामोठा पांढरा पट्टा आला, आणि गर्दी होती म्हणून त्याने काकूंना परत न बसवता डावा डोळा कॉपी केला, फ्लिप केला, उजव्या जागी बसवला. छापून दिला, दिसायला छान दिसत होता. व्हिसा सेंटरच्या काउंटरवर काकूंना सांगितलं की फोटो बदलून आणा. जून महिना, भर पावसात त्या रिक्षाने परत आल्या, आणि तो दिवस वाया गेला तो गेलाच.

संध्याकाळी मी ती फाइल मोठी करून बघितली. डोळ्यात लाइटचा जो पांढरा ठिपका दिसतो ना, तो एकाच लाइटचा असेल तर दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडतो. आमचा मुख्य लाइट बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला आहे. फोटोत मात्र दोन्ही ठिपके बाहेरच्या कडेला होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, जणू दोन्ही बाजूंनी लाइट लावलाय. त्याहून वाईट म्हणजे काकूंची उजवी पापणी थोडी खाली आलेली आहे, समोर बसल्या की लगेच लक्षात येतं. फोटोत दोन्ही पापण्या एका मापाच्या होत्या. म्हणजे काकूंच्या चेहऱ्यावरची जी एक गोष्ट बघून कोणीही त्यांना ओळखेल तीच गायब, आणि हे त्या मुलाने काही वाईट हेतूने केलं नव्हतं, त्याला खरंच वाटलं होतं की आपण फक्त चमक काढली.

"चेहरा तोच राहतो" याचं उत्तर यातच आहे. माणूस फोटो बघतो तेव्हा एकूण चेहरा बघतो, मशीन तसं बघत नाही. चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर आधी दोन्ही डोळे शोधतं, त्यांच्यावरून चेहरा सरळ रेषेत आणतं आणि मग पुढची तुलना करतं. म्हणून तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, दस्तऐवज ९३०३ मध्ये डोळे स्पष्ट दिसण्यावर एवढा जोर आहे. पासपोर्टचे फोटो जगभर ह्याच्याच धर्तीवर मागतात. जिथून सगळं मोजायला सुरुवात होते तीच जागा आपण हाताने रंगवून दिली तर पुढचं सगळं त्या रंगवलेल्या डोळ्यावर उभं राहतं. आणि हे आता फक्त कागदावरचं राहिलेलं नाही, युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे सीमेवर नोंदवायला सुरुवात झालीय. काकूंच्या खऱ्या पापणीची तिथे नोंद होणार.

तीळ, डाग, व्रण यांचं थोडं वेगळं आहे. पिंपल आज आहे उद्या नाही, त्याने ओळख बदलत नाही हे मला मान्य, पण म्हणून तो पुसायची परवानगी मिळत नाही, कारण फोटो बघणाऱ्याला काय पुसलं हे कळत नाही, फक्त काहीतरी पुसलंय एवढं कळतं. ॲपचा ब्रश गालावरून फिरला की त्वचेची छिद्रं जातात, गाल मेणासारखा दिसतो आणि कपाळ मात्र खरखरीत राहतं, ही खूण अनुभवी माणसाला लगेच दिसते. तीळ तर कायमचाच. आपल्याकडे पासपोर्टच्या अर्जातच दिसणारी ओळखीची खूण विचारतात, लोक तिथे गालावर तीळ असं लिहितात आणि फोटोतून तोच तीळ काढून आणतात! पिंपल फारच खुपत असेल तर आठवडाभर थांबा आणि मग या, कोणी नाही म्हणत नाही.

"क्लीन दिसला की पास होतो" हे तर नियमाच्या बरोबर उलटं आहे. अमेरिकेच्या व्हिसाला १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्माच चालत नाही, म्हणजे चमकेचा प्रश्नच संपवून टाकलाय त्यांनी, आणि दिसणं बदलेल असं कुठलंही डिजिटल एडिटिंग चालणार नाही हेही लिहिलेलं आहे. परदेशातल्या आपल्या भारतीय दूतावासांनीही १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टचे फोटो आयकाओच्या नियमाप्रमाणे मागायला सुरुवात केली, ६३० बाय ८१० पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, आणि सॉफ्टवेअरने बदललेला फोटो नको. इतके कडक का झाले याचं एक कारण मॉर्फिंग. दोन माणसांचे चेहरे मिसळून एक फोटो बनवायचा आणि त्यावर निघालेला पासपोर्ट दोघांनी वापरायचा, हे शक्य आहे असं इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. मॉर्फिंगनंतरही कडा पुसाव्या लागतात, त्वचा सारखी करावी लागते, म्हणजे फाइलवर उरणाऱ्या खुणा जवळपास त्याच. तपासणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, खुणा दिसतात. जर्मनीने तर १ मे २०२५ पासून आपल्या नागरिकांच्या पासपोर्टसाठी घरून आणलेला कागदी फोटो घेणंच बंद केलं, फोटो कार्यालयात काढायचा नाहीतर मान्यता असलेल्या स्टुडिओने सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा.

आपल्याकडेही बघा ना, वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात तर मोठ्यांचा फोटो तेच काढतात, आपण नेलेला घेत नाहीत, फक्त चार वर्षांखालच्या बाळाचा छापील फोटो न्यावा लागतो. आधारचाही फोटो केंद्रावरच निघतो. म्हणजे आपल्या हातात एडिट करायला उरतात ते मुख्यतः व्हिसाचे, परदेशातून करायच्या अर्जांचे आणि लहान मुलांचे फोटो, आणि हा मेसेज नेमका तिथेच लोकांना गोत्यात आणतोय.

स्टुडिओवाले करतात हे मात्र खरं आहे, आमच्याकडेच झालं. पण लग्नाच्या अल्बमचा हात ह्या फोटोला लावायचा नसतो हे आम्हा लोकांना कळायला पाहिजे, गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी. ठरलेल्या मापात क्रॉप करा, साइज कमी करा, एवढ्याने चेहऱ्यातलं काही बदलत नाही. फोनचा ब्यूटी मोड मात्र आधी बंद करा, तो तुम्हाला न विचारता फोटो काढतानाच गाल गुळगुळीत करतो. आणि काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह करतात, त्यात उजवीकडचा तीळ डावीकडे जातो.

काकूंचा फोटो आम्ही परत कसा काढला ते सांगतो, कारण चमक घालवायची खरी जागा तीच आहे. आधी समोरचा फ्लॅश बंद केला. लाइट बाजूला घेतला आणि डोक्याच्या वर चढवला, म्हणजे काचेवर आपटून तो लेन्सकडे न येता खाली निघून जातो. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला, नाहीतर अर्ध्या चेहऱ्यावर सावली पडते आणि सावलीचा फोटो पण परत येतो. तरी काचेच्या वरच्या कडेला बारीक चमक राहिली होती. मग चष्म्याच्या दांड्या कानावरून साधारण एक सेंटिमीटर उचलल्या. दांडी चौदा सेंटिमीटरची धरली तर काच चार अंशांनी खाली झुकते, आणि काच जेवढी झुकते त्याच्या दुप्पट परावर्तन वळतं, म्हणजे आठ अंश. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर चमक लेन्सपासून वीसेक सेंटिमीटर खाली सरकते, लेन्सला दिसतच नाही. फक्त फ्रेमची वरची कड डोळ्यावर येत नाही ना हे बघायचं, आली तर तो फोटोही बाद. मान खाली घालायची नाही, दांड्याच उचलायच्या.

त्यानंतर मी काकूंना म्हटलं, एक चष्म्याशिवाय पण काढून ठेवू. नाकावर पॅडचे दोन लाल वळ होते, ते जाईपर्यंत पंधरा मिनिटं बसवलं, चहा पाजला. शेवटी त्यांनी स्वतःच बिनचष्म्याचा निवडला, उजवी पापणी आहे तशी खाली आलेली, डोळ्याखालची वर्तुळंही तशीच. तोच दिला, आणि काउंटरवर तो घेतला गेला.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना एकच विनंती, त्याच ग्रुपवर हेही टाका. आणि ॲपमधून एडिट केलेला फोटो आधीच अर्जाला लावला असेल तर अपॉइंटमेंटची तारीख यायच्या आत नवीन काढून घ्या, ओरिजिनल फाइल फोनमध्ये असेल आणि त्यात डोळे स्वच्छ दिसत असतील तर तीच छापून आणली तरी चालेल.