तीन छापे पडले, तरी ०.५ चीच ओळ पुढे कशी?

> "फोटोतलं टेबल मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं. तिसऱ्या रकान्याची बेरीज ०.९२५ येते, १ नाही. म्हणजे गणितच चुकलंय. दुसरं म्हणजे तिन्ही वेळा छापा पडूनही नाणं समतोल असण्याचीच शक्यता सगळ्यात जास्त दाखवलीय. मग उडवलं कशाला? मनाला येतील ते आकडे आधी लिहायचे आणि शेवटी तेच बाहेर काढायचे, याला पुरावा म्हणत नाहीत."

फोटोतल्या पानावर एक नाणं तीनदा उडवलंय, आणि ते कोणत्या प्रकारचं आहे यावरचा विश्वास त्यामुळे कसा बदलतो याचं टेबल आहे. त्यावरची ही शंका. तुमची बेरीज बरोबर आहे, ०.९२५ च येते. पण त्या रकान्याची बेरीज १ व्हायचं काही कारणच नाही. हा मुद्दा नीट बसला की टेबलातलं बाकी सगळं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

फोटोतल्या पानावरचं टेबल सोयीसाठी पुन्हा मांडतो. शेवटचे आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत घेतलेत.

| छाप्याची शक्यता | आधीचा विश्वास | तीन छापे पडण्याची शक्यता | गुणाकार | नंतरचा विश्वास |
|---|---|---|---|---|
| ०.२ | ०.०५ | ०.००८ | ०.०००४ | ०.००३ |
| ०.४ | ०.२० | ०.०६४ | ०.०१२८ | ०.०८९ |
| ०.५ | ०.५० | ०.१२५ | ०.०६२५ | ०.४३३ |
| ०.६ | ०.२० | ०.२१६ | ०.०४३२ | ०.२९९ |
| ०.८ | ०.०५ | ०.५१२ | ०.०२५६ | ०.१७७ |

दुसऱ्या रकान्याची बेरीज १ आलीच पाहिजे. नाणं या पाचांपैकी कोणत्या तरी एकाच प्रकारचं आहे असं आपण गृहीत धरलंय आणि आपला सगळा विश्वास या पाच ओळींत वाटलाय. तिसऱ्या रकान्यात मात्र वाटणी नाही. तिथे प्रत्येक ओळीला वेगळा प्रश्न विचारलाय: नाणं या ओळीसारखं असेल, तर ओळीने तीन छापे पडण्याची शक्यता किती? शेवटच्या ओळीचं उत्तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२. उरलेले ०.४८८ कुठे गेले? ते त्याच ओळीत आहेत, फक्त पानावर लिहिलेले नाहीत. तीन उडव्यांचे एकूण आठ क्रम होऊ शकतात. त्यांतल्या 'छापा-छापा-छापा' या एका क्रमाला ०.५१२ मिळाले आणि काटा असलेल्या बाकी सात क्रमांत ०.४८८ वाटले गेले. म्हणजे १ ची बेरीज आडवी होते. तुम्ही ती उभी केलीत.

उभ्या बेरजेला काही अर्थ नसतो, हे एका ओळीने तपासता येतं. टेबलात ०.९ ची आणखी एक ओळ घाला. तिचा तिसरा आकडा ०.७२९, आणि रकान्याची बेरीज झाली १.६५४. आधीच्या पाच ओळींतला एकही आकडा बदलला नाही आणि बेरीज मात्र १ च्या पार पुढे गेली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२१ साली लाइकलिहुड आणि संभाव्यता या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्या याच फरकामुळे. तिसरा रकाना लाइकलिहुडचा आहे. त्यात आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेवढं बोलतं.

१ ची बेरीज परत येते ती पाचव्या रकान्यात. वरच्या टेबलात ती १.००१ दिसते, पण तो आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत घेण्याचा परिणाम. दुसरा आणि तिसरा रकाना ओळीओळीने गुणला की चौथा मिळतो. त्याची बेरीज ०.१४४५. टेबलातला विश्वास खरा धरला, तर एकदाही नाणं न उडवता 'तीन छापे पडतील' याला आपण दिली असती ती शक्यता हीच. प्रत्येक गुणाकार तिने भागला की नंतरचा विश्वास हातात येतो. यात चूक होते ती बहुतेक भागाकाराच्या वेळी. चौथ्या रकान्याच्या बेरजेने भागायच्या ऐवजी तिसऱ्याच्या बेरजेने भागलं जातं. तसं झालं तर पाचव्या रकान्याची बेरीज १ येत नाही आणि चूक लगेच पकडली जाते.

आता समजा तुम्हाला दुसरा रकाना नकोच आहे आणि तुम्ही तिसराच ०.९२५ ने भागून १ वर आणलात. मग ०.८ च्या ओळीला ०.५५४ मिळतील, ०.५ च्या ओळीला ०.१३५. 'मनाचे आकडे' नाहीत, निव्वळ पुरावा, असं ते दिसेल. पण दुसऱ्या रकान्यात पाचही ठिकाणी ०.२ लिहून हिशेब केला तरी हुबेहूब हेच आकडे येतात. म्हणजे तुम्ही आधीचा विश्वास काढून टाकला नाहीत, सगळ्या ओळींना सारखा वाटलात. दहापैकी आठ वेळा छापा देणारं नाणं आणि समतोल नाणं तुमच्या लेखी आधीपासून सारखंच संभवनीय ठरलं. कुणाला तसं मानायचं असेल तर माझी हरकत नाही, पण तोही एक विश्वासच आहे आणि तो पानावर दिसायला हवा. दुसऱ्या रकान्याचा मी इतका आग्रह धरतो तो एवढ्यासाठीच. तो लिहिला की त्यावर वाद घालता येतो, न लिहिता वापरला की तो वादातून सुटतो.

आता ०.५ च्या ओळीबद्दल. शेवटी कोण पहिलं आलं एवढंच पाहिलं तर टेबल हललंच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ते बरंच हललंय. ०.५ ची ओळ ०.५० वरून ०.४३३ वर आली. ०.८ ची ०.०५ वरून ०.१७७ वर गेली, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. ०.२ ची ओळ तर जवळजवळ पुसली गेली.

फक्त दोन ओळी समोरासमोर ठेवून पाहा. नाणं उडवण्याआधी ०.५ ची बाजू ०.८ पेक्षा दहापट भारी होती. एक छापा पडला की ०.८ च्या बाजूने ०.८ भागिले ०.५, म्हणजे १.६ पट जोर लागतो. तीन छाप्यांनंतर हा जोर १.६ × १.६ × १.६, साधारण ४.१ पट. दहाला ४.१ ने भागा, उरतात २.४. दहापटीची आघाडी तीन उडव्यांत अडीचपटीच्याही खाली आली. चौथ्या छाप्यानंतर जोर ६.५५ होईल, अजून दहाच्या आतच. पाचव्याला तो १०.४९ होतो आणि ०.८ ची ओळ पुढे जाते. तेव्हा ०.८, ०.५ आणि ०.६ यांचे विश्वास अनुक्रमे ०.३३०, ०.३१५ आणि ०.३१३ असतात. तिघी जवळपास खांद्याला खांदा लावून. तेव्हा 'कोण पहिलं' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ काहीच सांगत नाही, पूर्ण रकाना वाचावा लागतो.

ओळीने दहा छापे पडले तर या टेबलात ०.८ ला ०.७५८ मिळतात. सगळीकडे ०.२ लिहून सुरुवात केलीत तर ०.९३८. आकडे वेगळे, पण दोघंही एकाच ओळीपाशी पोचतात. तीन उडव्यांवर तुमचं-माझं पटणार नाही आणि ते साहजिक आहे, कारण तीन उडव्यांत माहितीच तेवढी असते.

मात्र दुसऱ्या रकान्यात एक जागा खरोखर धोक्याची आहे, आणि ती म्हणजे शून्य. ज्या ओळीला आधी ० दिला तिचा गुणाकार कायम ० च राहतो, शंभर छापे पडले तरी. आणि जी ओळ टेबलात लिहिलीच नाही तिलाही आपण न बोलता ० च दिलेला असतो. या पानावर दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं कुठेच नाही. ते बसू शकेल अशी १ ची ओळ नाही. ही टीका तुम्ही केली असतीत तर मी ती तशीच मान्य केली असती.

राहता राहिला फोटो. चौथ्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यावर बोटाची सावली पडलीय, तिथे ०.२० आहे की ०.२६ हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. इथे बेरीज कामी येते. बाकी चार आकडे मिळून ०.८० होतात, म्हणून तो ०.२० च असला पाहिजे. पण हा आधार एकच आकडा पुसट असेल तरच चालतो, आणि ज्या रकान्याची बेरीज १ व्हायलाच हवी तिथेच. पहिल्या रकान्यात असं कुठलंच बंधन नाही. तिथला ०.६ पुसट असता आणि तिसरा रकानाही दिसत नसता, तर ओळी दोन्हीकडे सारख्या अंतरावर मांडल्यात एवढा अंदाजच हाती राहिला असता. आणि चूक झाली असती तर ती वाढत पुढे गेली असती, कारण हा आकडा स्वतःशी तीनदा गुणला जातो.

याहून मोठा प्रश्न पानाच्या कडेबाहेर असतो. कुणी सलग तीन छापे पडेपर्यंत नाणं उडवत बसलं आणि पडल्यावर फक्त त्या शेवटच्या तीन निकालांचा फोटो काढला, तर काय होईल? नाणं ०.२ चं असलं तरी केव्हा ना केव्हा सलग तीन छापे पडणारच, वेळ जास्त लागेल एवढंच. म्हणजे असा फोटो समोर येण्याची शक्यता पाचही ओळींत १. तिसरा रकाना एक-एक-एक असा भरतो आणि नंतरचा विश्वास आधीसारखाच राहतो. तेच तीन छापे, तोच फोटो, आणि टेबल तसूभरही हलत नाही. नाणं किती वेळा उडवलं हे कळलं तरच ते हलू लागतं, कारण लवकर थांबणं जास्त छापे देणाऱ्या नाण्याकडे बोट दाखवतं.

म्हणून फोटोत मी आकड्यांच्याही आधी वरची ओळ पाहिली होती. तिथे 'तीनच वेळा उडवणार' असं लिहिलंय, खाली तिन्ही निकाल क्रमाने आहेत, आणि पानाच्या चारही कडा फोटोत आल्यात. वरची ओळ कापली गेली असती तर तिसऱ्या रकान्यातला ०.५१२ हा आकडा मी मान्य केला नसता.