नगावर मजुरी दिली म्हणून रिकामा वेळ संपत नाही

"कामगाराला हजेरी देऊ नका, नगावर मजुरी द्या. लाइट गेली, माल आला नाही, मशीन थांबलं, तरी मालकाचा एक रुपया जात नाही. नगामागे मजुरी कायम तीच, त्यामुळे कोटेशन काढायला सोपं. रिकामा वेळ हा फक्त पगारी कामगारांचा रोग आहे."

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या लहान कारखानदारांत हा मेसेज फिरतोय, आणि पाठवणाऱ्यांत मुरलेले लोकही आहेत. चार वाक्यं आहेत. दुसरं वाक्य सगळ्यात महागात पडणारं आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

एक सीएनसी लेथ घ्या. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आपण ते टर्निंग करून देतो. आकडे सोपे धरलेत, तुम्ही तुमचे घाला. पाळी जेवणाची सुट्टी सोडून 8 तासांची, म्हणजे 480 मिनिटं. त्यातली 20 मिनिटं चहापाण्यात आणि 40 मिनिटं सकाळच्या सेटिंगमध्ये जातात. उरतात 420. एका नगाला, चढवणं-उतरवणं धरून, 7 मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला 60 नग. ऑपरेटरची हजेरी 720 रुपये असेल तर नगामागे 12 रुपये पडतात, आणि नगावर द्यायचं म्हटलं तर साहजिकच दरही 12 ठरतो. चांगल्या दिवशी दोन्हीकडे हिशेब एकच.

आता वाईट दिवस घ्या. दोन तास लाइट नाही, वर 20 मिनिटं इन्सर्ट आणायला माणूस गेला. 140 मिनिटं गेली, 280 उरली, 40 नग निघाले. मेसेजप्रमाणे ऑपरेटरला 480 रुपये द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण तो 8 तास तुमच्या दारात हजर होता. काम करायला तयार असलेल्या माणसाला मालक काम देऊ शकला नाही, तर त्याचं दिवसाचं किमान वेतन बुडत नाही, आणि नगावरच्या मजुराला, त्या कामाला सरकारने नगाचाच किमान दर ठरवला नसेल तर, वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. हे 1948 च्या किमान वेतन कायद्यात कलम 15 आणि 17 मध्ये होतं. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. त्याच्या श्रेणीचं किमान वेतन दिवसाला 600 आहे असं धरा. मग 480 वर 120 ची भर घालावीच लागते. हजेरीवर असता तर 720 गेले असते. म्हणजे नगावर ठेवून तुमचे वाचले 120 रुपये.

त्याच दिवशी गेले किती ते बघा. मशीनचा बँकेचा हप्ता, शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, विजेचा ठरावीक आकार असं सगळं मिळून त्या मशीनवर दिवसाला 2100 रुपये बसतात असं समजू. 60 नगांवर ते 35 रुपयांनी वसूल होतात. 40 नग निघाले की 1400 वसूल झाले आणि 700 लटकले. मजुरीतले 120 वाचल्याच्या आनंदात हे 700 कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, कारण त्यांचं व्हाउचर कुणी फाडत नाही. मशीन थांबल्यावर मोठा खड्डा मजुरीत पडत नाही, मशीनच्या खर्चात पडतो. मजुरीची पद्धत बदलून तो बुजत नाही.

मग खर्चाच्या वह्यांत हे कसं लिहायचं? गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, आणि मेसेजचा जन्मही इथलाच असावा असं मला वाटतं. पगारी कामगाराचे त्या दिवसाचे 720 रुपये 40 नगांवर वाटून टाकले की नगाची मजुरी 18 येते. मालक दचकतो आणि म्हणतो, हजेरीनं बुडालो. पण तो भागाकारच चूक आहे.

चहा, सेटिंग, मशीन पुसणं हा रोजचा, आधीच माहीत असलेला रिकामा वेळ. तो टळत नाही, म्हणून त्याचा पैसा नगावर जायलाच हवा. त्याची रीत अशी: 720 ला 480 ने न भागता 420 ने भागायचं. मिनिटाला 1 रुपया 71 पैसे येतात, 7 मिनिटांचे 12 रुपये. लाइट जाणं, माल न येणं, ब्रेकडाउन हा नेहमीच्या बाहेरचा वेळ. त्याचा पैसा नगावर टाकायचा नाही, तो सरळ कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला न्यायचा. कॉस्ट अकाउंटंट संस्थेचं कामगार खर्चाबद्दलचं मानक, 'सीएएस-7', हेच सांगतं: अपेक्षित रिकामा वेळ ताशी दरातच धरा, मोजता येण्याजोगा आणि लक्षात घेण्याइतका मोठा असाधारण खर्च कामगार खर्चातून बाहेर ठेवा. वर्षअखेरीस शिल्लक मालाची किंमत काढतानाही असाधारण मजुरी मालात मिसळायची नसते.

या रीतीनं तो वाईट दिवस पुन्हा लिहा. हजेरीवाला: 40 नगांना 12 प्रमाणे 480 जॉबवर, 240 नफा-तोट्याला. नगावरचा: 40 नगांना 480 जॉबवर, भर घातलेले 120 नफा-तोट्याला. नगाची मजुरी दोन्हीकडे 12 च. फरक राहिला तो थांबलेल्या वेळेच्या ओळीत, 240 की 120 एवढाच.

आता तिसरं वाक्य. नगामागे मजुरी कायम तीच, हे 60-60 च्या लॉटपुरतं खरं. आपल्याकडच्या जॉबवर्कमध्ये एवढे लॉट किती दिवस मिळतात? 20 नगांची ऑर्डर आली, दिवसात तीन वेगवेगळे जॉब लागले, तर सेटिंगच 120 मिनिटं खातं. उरतात 340 मिनिटं, 48 नग. दर 12 च ठेवला तर ऑपरेटरचे नगांवर 576 च होतात, भर घालून किमान वेतनाचे 600, तेही एक मिनिट न थांबता राबून. दुसऱ्या आठवड्यात तो बारीक लॉट बघितला की "सर, हे त्या मशीनला टाका" म्हणायला लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

उपाय साधा आहे. सेटिंग नगाच्या दरातून बाहेर काढा आणि वेळेवर द्या. मिनिटाला दीड रुपया, म्हणजे 40 मिनिटांचे 60 रुपये. हे त्या लॉटच्या नावावर टाका आणि नगाचा दर 11 करा. 60 च्या लॉटला सेटिंग नगामागे 1 रुपया पडतं, एकूण 12. 20 च्या लॉटला 3 रुपये पडतं, एकूण 14. कोटेशनमध्ये 12 लिहून 20 नगांची ऑर्डर घेणारा नगामागे 2 रुपये सोडून बसलेला असतो, आणि मशीन तेवढा वेळ थांबलं त्याचं नुकसान वेगळंच.

दुसरी गोष्ट रिजेक्शनची. कास्टिंगला वरून काही दिसत नाही, दोन कट घेतल्यावर आत ब्लोहोल उघडा पडतो. 5 मिनिटं गेली, नग भंगारात. नगावरची मजुरी म्हणजे 'चांगल्या नगाची मजुरी' असं धरून मालक ते पैसे कापतो. चूक फाउंड्रीची, दंड ऑपरेटरला. मग तो काय करतो? ब्लोहोल दिसला तरी पुढे ढकलतो, इन्स्पेक्शनमध्ये सापडला तर सापडला. त्याऐवजी कास्टिंगचा दोष आणि मशिनिंगचा दोष असे दोन खोके मशीनजवळ ठेवा. पहिल्या खोक्यातल्या नगांची मजुरी द्या, आणि ती मशीनच्या वेळेसह फाउंड्रीच्या डेबिट नोटमध्ये घाला. नुसती कास्टिंगची किंमत डेबिट करून भागत नाही. दुसऱ्या खोक्यातले नग घाईमुळे वाढतायत का ते दर बदलल्यानंतरच्या महिन्यात कळतं. त्याच महिन्यात इन्सर्ट जास्त गेले असतील तर फीड वाढवून नग काढलेत हे समजायचं.

चौथ्या वाक्याबद्दल एवढंच म्हणतो की पगारी कामगाराचा रिकामा वेळ दिसतो, नगावरच्याचा दिसत नाही. हजेरीच्या कारखान्यात गेटवरची वेळ आणि जॉबकार्डांवरची वेळ यांचा मेळ घातला की राहिलेली तफावत म्हणजे रिकामा वेळ. नगावर गेलं की ही तुलना करायची गरजच कुणाला वाटत नाही, कार्डं बंद होतात आणि फक्त नगांची वही उरते. सहा महिन्यांनी मशीन का परवडत नाही हे विचारलं तर उत्तर देणारा एकही कागद नसतो. फॅनक कंट्रोल असेल तर पाळी सुरू होताना आणि संपताना स्क्रीनवरचे PARTS COUNT आणि RUN TIME हे दोन आकडे लिहून घ्या. शेवटच्या आकड्यांतून सुरुवातीचे वजा केले की मशीन खरं किती चाललं ते कळतं. पाळीच्या बाकीच्या वेळेतून नग चढवण्या-उतरवण्याचा वेळ वेगळा धरा, आणि उरलेल्या वेळेसमोर कारण लिहायला लावा: लाइट, माल, टूल, ब्रेकडाउन, सेटिंग. पाच कारणं पुरे, पंधरा केली की सगळे 'इतर'वर खूण करतात.

राहिलं पहिलं वाक्य, म्हणजे मूळ सल्ला. तो सगळीकडेच वाईट आहे असं नाही. निपाणीत बिडीची मजुरी हजारावर असते. बाई घरी बसून वळते, तिच्या वेळेवर मालकाचं मशीन अडकलेलं नसतं, आणि किमान मजुरीच हजार बिड्यांमागे ठरवलेली असते. तिथे थांबलेल्या वेळेचं मालकाचं नुकसान खरंच नगण्य असतं. ते तिचं होतं, पण तो वेगळा विषय. मशिन शॉपमध्ये मोठा, सलग लॉट असेल, माल आठवडाभराचा पडून असेल आणि नग मोजायला सोपा असेल, तिथे किमान हजेरीची हमी देऊन वर नगाचा दर लावला तर दोघांचंही भलं होतं. 60 च्या पुढे निघालेल्या प्रत्येक नगावर मजुरीचे 12 जातात, पण 2100 पैकी प्रत्येक नगाच्या वाट्याला येणारी रक्कम कमी होत जाते. 70 नग निघाले तर ती 35 वरून 30 वर येते. नगावर मजुरी देण्यातला खरा फायदा हा आहे, आणि मेसेजात नेमका तोच नाही.

आणि ज्यांचं एक शेड उद्यमबागेत आणि दुसरं शिनोळीत आहे त्यांनी नगाचा एकच दर दोन्हीकडे चिकटवू नये. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. किमान वेतनाचं वेळापत्रक वेगळं. कर्नाटकात महागाई भत्ता एप्रिलमध्ये बदलत आलाय, महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत. वाईट दिवशी 480 वर किती भर घालायची तो आकडा दोन्ही शेडांत वेगळा निघतो, आणि वर्षात तीनदा तपासावा लागतो.