आडनाव वेगळं म्हणून कुणी जेलमध्ये जात नाही

फिरणारा मेसेज: "सावधान!! आपल्या आयडीवरून दुसऱ्या आडनावाच्या माणसाचं रेल्वे तिकीट काढलं तर १० हजार दंड आणि ३ वर्षं जेल. महिन्याला फक्त ६ जणांचंच तिकीट निघतं. आधार लिंक केलं की कितीही काढा. सकाळी ८ ला तिकीट निघालं नाही तर समजा एजंटांनी सगळं ब्लॉक केलंय. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज माझ्या मावशीकडे आला आणि तिने घाबरून स्वतःच्या लेकीचं तिकीट काढायचं बंद केलं, कारण लेकीचं लग्न झालंय आणि आडनाव बदललंय. म्हणून हे लिहितोय.

पहिलं ते आडनावाचं. अरे जरा डोकं चालवा, आपल्याकडे मामा-भाचा, आजोळ, सासर-माहेर, सगळी आडनावं वेगळीच असतात, मग रेल्वे काय निम्म्या महाराष्ट्राला आत टाकणार आहे का? हा मेसेज जून २०२४ मध्ये एवढा पसरला की रेल्वेला खुलासा करावा लागला. आडनाव वेगळं म्हणून तिकीट काढता येत नाही ही बातमी खोटी आणि दिशाभूल करणारी आहे, आपल्या आयडीवरून, म्हणजे IRCTC वरच्या आपल्या खात्यावरून, मित्र, कुटुंब, नातेवाईक कुणाचंही तिकीट काढता येतं, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. तिकीट काढणाऱ्याने स्वतः त्या गाडीत असलंच पाहिजे असंही काही नाही. टीसी बघतो ते प्रवास करणाऱ्यांपैकी एकाचं ओरिजिनल ओळखपत्र, तिकीट कुणाच्या आयडीवरून आलं ते नाही.

आता जेलवाली गोष्ट हवेतून आलेली नाही, हे मान्य करावं लागेल. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४३ खरंच आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण ते आहे तिकीट विकण्याचा धंदा करणाऱ्यासाठी, म्हणजे रेल्वेचा कर्मचारी नाही, अधिकृत एजंट नाही, तरी पर्सनल आयडीवरून लोकांना तिकिटं काढून देऊन पैसे कमावतोय असा माणूस. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम ऑनलाईन तिकिटालाही लागू होतं असं सांगितलं, आणि ते प्रकरण होतं खोट्या आयडी बनवून तिकिटं विकल्याच्या आरोपाचं. मेसेज बनवणाऱ्याने कलम उचललं, 'धंदा' काढून टाकला आणि तिथे 'आडनाव' घातलं. शेजारच्या काकूंचं तिकीट काढलं आणि त्यांनी तिकिटाचे जेवढे तेवढे पैसे दिले तर तो धंदा होत नाही. पण दर तिकिटामागे शंभर रुपये घेऊन अख्ख्या सोसायटीची तिकिटं काढून देत असाल तर मात्र हे कलम तुमच्यासाठीच आहे, तिथे मी तुमची बाजू घेणार नाही.

दुसरं, '६ जणांचंच'. इथे जुना आकडा आहे आणि तोही चुकीचा वाचलाय. मर्यादा माणसांवर नाही, तिकिटांवर आहे. एका तिकिटावर, म्हणजे एका पीएनआरवर, ६ जणांपर्यंत नावं घालता येतात. पूर्वी आधार न जोडलेल्या आयडीवरून महिन्याला ६ तिकिटं निघायची, जून २०२२ मध्ये ती १२ झाली आणि आधारवाल्यांची १२ ची २४ झाली. आता मावशीकडचंच घ्या, गणपतीला कोकणात ९ जण जायचेत. जायचं एक तिकीट ६ जणांचं, एक ३ जणांचं, यायची तशीच दोन, सगळी मिळून ४ तिकिटं. आधार नसलं तरी अजून ८ उरतात. शिवाय स्टेशनवरच्या खिडकीवर काढलेलं तिकीट यात मोजलं जात नाही, कारण तिथे आयडीचा संबंधच येत नाही.

तिसरं, 'आधार लिंक केलं की कितीही'. नाही. २४ म्हणजे २४. आणि लोक इथेच आपटतात, कारण १३ व्या तिकिटापासून फक्त तुमचं खातं आधारने तपासलेलं असून भागत नाही, त्या तिकिटावरच्या प्रवाशांपैकी निदान एकाचं आधारही तपासलेलं लागतं. समजा मावशीची १२ तिकिटं झाली आणि १३ वं तिने लेकीच्या सासू-सासऱ्यांचं काढायला घेतलं. खातं आधारवालं आहे, पैसे आहेत, गाडीत जागा आहे, तरी तिकीट अडणार, कारण त्या दोघांपैकी कुणाचंच आधार तपासलेलं नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रोफाइलमधल्या मास्टर लिस्टमध्ये सासूबाईंचं नाव, जन्मतारीख आणि आधार नंबर भरायचा, व्हेरिफाईड असं दिसेपर्यंत थांबायचं आणि बुकिंग करताना नाव हाताने टाईप न करता त्या लिस्टमधून निवडायचं. टाईप केलेलं नाव तुमच्यासाठी सासूबाईच आहेत, पण सिस्टीमला त्या तपासलेल्या सासूबाई आहेत हे कळायला काही मार्ग नाही. हे सगळं १३ वं तिकीट काढायच्या घाईत नाही, चार दिवस आधी करून ठेवायचं.

तपासणी फेल होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे मधलं नाव. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिन्ही असतं, आणि आपण भरतो नुसतं नाव-आडनाव. आधारवर जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललेलंच नसेल तर माहेरचं भरा, सासरचं भरून उपयोग नाही. स्वतःचं खातं तपासताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, तो नंबर बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडून घ्यावा लागतो.

एजंटांचं. काळा बाजार आहे, नाही कोण म्हणतंय, २०२५ मध्ये सरकारने संसदेत अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केल्याचं सांगितलं. पण सकाळी तुमचं तिकीट अडलं तर आधी स्वतःचं खातं बघा. १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळ फक्त आधारने तपासलेल्या खात्यावरून निघतं आणि त्याच महिन्यात ओटीपीही आला. अधिकृत एजंटांना तत्काळची पहिली ३० मिनिटं बंद आहेत, एसीला १० ते १०:३० आणि नॉन-एसीला ११ ते ११:३०. साध्या आरक्षणालाही, ६० दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळी, १ ऑक्टोबर २०२५ पासून पहिली १५ मिनिटं फक्त आधारवाल्यांना दिली आणि नंतर ती वेळ वाढवत नेली. म्हणजे तुमचं खातं तपासलेलं नसेल तर ८ च्या ठोक्याला बसून काही उपयोग नाही, तिथे तुम्हाला एजंटाने नाही, या नियमाने अडवलंय. तत्काळमध्ये एका तिकिटावर ४ च जण बसतात, पाचवं नाव घेतलं जात नाही, त्यालाही लोक एजंटाला शिव्या देतात. आणि स्क्रीनवर REGRET आलं तर त्याचा तुमच्या आधारशी किंवा महिन्याच्या कोट्याशी काही संबंध नाही, त्या गाडीची त्या क्लासची वेटिंग लिस्टसुद्धा भरली एवढाच त्याचा अर्थ, तिथे दुसरा क्लास किंवा दुसरी गाडी बघायची.