झेरॉक्सच्या काउंटरवर वाचलेला वेळ नेमका कोणाचा?

आज फोंड्यात जत्रेच्या नाटकाची संहिता झेरॉक्स करायला गेलो होतो. २४ पाने, १५ प्रती, म्हणजे ३६० कागद. काउंटरवरच्या मुलाने प्रत्येक प्रत पानांच्या क्रमाने लावून काढणाऱ्या Collate या पर्यायावरची खूण काढून टाकली, पहिल्या पानाच्या १५ प्रती, मग दुसऱ्याच्या १५, असे २४ गठ्ठे माझ्यापुढे ठेवले आणि वर सांगितले, "संच लावून काढले की मशीन थांबत थांबत चालते. असे लवकर होते."

कोणाचे लवकर होते? मिनिटाला २० पाने काढणाऱ्या यंत्राला ३६० पानांसाठी १८ मिनिटे लागणारच, क्रम कोणताही असो. पण हाताने पाने जुळवायची, तर कागदामागे दोन सेकंद धरले तरी १२ मिनिटे जातात, आणि ती माझी जातात. मागे रांग उभी असताना मी त्या अरुंद काउंटरवर २४ गठ्ठे पसरून कोणते पान कुठे आहे ते शोधत होतो.

त्यातही राग येतो तो दोन वर्षांपूर्वीच्या सतराव्या पानामुळे. तेव्हाही असेच गठ्ठे मिळाले होते. जुळवताना कोणाच्या तरी हाताला दोन कागद चिकटून आले, एका प्रतीत सतरावे पान दोनदा गेले आणि शेवटच्या प्रतीत गेलेच नाही. ती प्रत नेमकी बापाची भूमिका करणाऱ्याकडे होती. त्याने सोळाव्यावरून अठराव्यावर पाठांतर केले आणि तालमीत मुलीने विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर दिले. यंत्राने संच लावला असता, तर पहिली प्रत सव्वा मिनिटात हाती आली असती आणि ती चाळून बाकीच्या काढायला सांगता आले असते.

त्या मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हे मान्य करावे लागते. आमची संहिता हस्तलिखित, त्यामुळे प्रत्येक पान म्हणजे एक जड चित्रच. स्मृती अपुरी असलेल्या जुन्या प्रिंटरला एक पान उलगडायला, म्हणजे छपाईसाठी तयार करायला, २० सेकंद लागत असतील, तर एक संच आठ मिनिटांचा होतो, आणि तो प्रत्येक प्रतीसाठी पाने पुन्हा उलगडत बसला, तर १५ संचांना दोन तास. तिथे गठ्ठेच बरे, कारण पान एकदा उलगडले की १५ प्रती सलग निघतात. तो मुलगा अशाच यंत्रावर शिकला असणार. पण आजचे यंत्र सगळी पाने साठवून ठेवणारे, मोठे होते. ओळखणेही सोपे आहे: दोन संच काढून पाहावेत. दुसरा संच न अडखळता निघाला, तर पाने साठवलेली आहेत. एवढे न पाहता खूण काढायची घाई कशाला?

शेवटी तोच काउंटरबाहेर येऊन माझ्याबरोबर पाने लावू लागला, तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला. पंधराव्या प्रतीत मी सर्वांत आधी सतरावे पान शोधले. ते होते. नववे नव्हते. ते सहाव्या प्रतीत दोनदा गेलेले त्यानेच शोधून दिले.