मासे मारणारा भाष्यात आहे, सूत्रात नाही

वाचकाची प्रतिक्रिया:

“आसनांच्या पलीकडे जायचं तर योगसूत्रं भाष्यासकट वाचा, असं तुम्ही लिहिलंत म्हणून वाचायला घेतली. दुसऱ्या पादात यमांपाशी आलो आणि पुस्तक मिटलं. पहिलाच यम अहिंसा. आमचं घर मालवणात, आजोबांपासून मासळीवर चाललेलं. आम्ही काय करायचं? शिवाय चार शब्दांच्या सूत्रावर परिच्छेदभर भाष्य, त्यावर टीका, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. हा सगळा पंडितांचा खेळ. सूत्रांचा साधा मराठी अर्थ द्या, तेवढा पुरे.”

उत्तर:

नमस्कार. तुम्ही थांबलात ते पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या पादाच्या, म्हणजे साधनपादाच्या, तिसाव्या सूत्रावर. यम, म्हणजे स्वतःवर घालून घ्यायची बंधनं, तिथे मोजलेली आहेत. एकच सूत्र पुढे गेला असतात आणि त्याखालचं व्यासभाष्य वाचलं असतंत, तर सुरुवातीलाच मासे मारणारा माणूस भेटला असता. खरोखरीचा. ‘मत्स्यवधक’ असा शब्दच आहे तिथे. म्हणून हे उत्तर त्या एका सूत्रावरच लिहितो. तुमच्या दोन्ही तक्रारी तिथे एकत्र येतात.

आधी तुम्ही मागता तसा साधा अर्थ. सूत्र असं आहे: ‘जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्’. मराठीत: जाती, देश, काळ आणि समय यांनी न अडलेले, सगळीकडे लागू असलेले यम म्हणजे महाव्रत. आता मला सांगा, यातून काय हाती लागलं? बहुतेक वाचक ‘जाती’पाशी थांबून जातिभेदाबद्दल काहीतरी असावं असं समजतो, ‘समय’ म्हणजे वेळ धरतो आणि मग काळ वेगळा कशाला सांगितला या कोड्यात पडतो. अर्थ चुकलेला नाही, पण त्यावरून कुणाला काही करता येत नाही. सूत्रं पाठ करण्यासाठी बांधलेली असतात, नुसती वाचून समजण्यासाठी नव्हेत. फिलिप मास यांच्यासारखे आजचे संशोधक तर सूत्रं आणि भाष्य मुळात एकाच हातची आहेत असं मानतात. ते पटो न पटो, या सूत्रापुरतं भाष्य काढून घेतलं तर खाली फार थोडं उरतं.

भाष्य काय करतं? व्याख्या देत बसत नाही, माणसं उभी करतं. पहिला, मासे मारणारा: हा हिंसा करतो, पण फक्त माशांची, दुसऱ्या कुणाची नाही. ही जातीने, म्हणजे जीवांच्या प्रकाराने मर्यादित अहिंसा. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या जागी मी मारणार नाही. ही देशाने मर्यादित. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही. ही काळाने मर्यादित. चौथा या तिन्ही बाबतींत संयम पाळतो, पण म्हणतो, देवाब्राह्मणांच्या कामासाठी मारीन, एरवी नाही. ही समयाने, म्हणजे ठरवून घेतलेल्या शर्तीने मर्यादित. त्याला जोडूनच क्षत्रिय येतो: युद्धातच हिंसा, अन्यत्र नाही. या सगळ्या मर्यादा गळून पडल्या की जे उरतं ते महाव्रत.

ही यादी नीट पाहा. मासे मारणारा, तीर्थयात्री, तिथी पाळणारा, देवकार्यासाठी पशू मारणारा आणि सैनिक एकाच रांगेत बसले आहेत. कुणाला खाली ढकललेलं नाही आणि कुणाला वर चढवलेलं नाही. प्रत्येकाकडे थोडी अहिंसा आहे आणि प्रत्येकाची कुठेतरी अडते. मासे मारणाऱ्याच्या अहिंसेलाही भाष्यकार ‘अहिंसा’च म्हणतो, फक्त मर्यादित. रत्नागिरीतली आम्ही मंडळी श्रावण पाळतो, सोमवारी-संकष्टीला मासळी आणत नाही आणि त्याचं मनातून थोडं कौतुकही करून घेतो. भाष्याच्या हिशेबात आम्ही तिसऱ्या माणसाच्या जागी बसतो, तुमच्या आजोबांच्या शेजारी. (१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मात्र या यादीत घालू नका. ती माशांच्या विणीसाठी आहे, व्रत म्हणून नाही.)

अशी विभागणी एकट्या योगाची आहे असंही नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अंशतः विरती, म्हणजे हिंसेसारख्या गोष्टींपासून थांबणं, ती अणुव्रत आणि संपूर्ण ती महाव्रत, असे दोन टप्पे सरळ सांगितले आहेत. पतंजलींनी खालच्या टप्प्याला वेगळं नाव दिलं नाही, पण भाष्यातल्या उदाहरणांनी तो दाखवला आहे.

आता टीकाकारांच्या मतभेदांकडे वळू. भोजराजाने, म्हणजे धारच्या परमार राजाने, अकराव्या शतकात ‘राजमार्तण्ड’ ही सूत्रांवरची वृत्ती, म्हणजे आटोपशीर टीका, लिहिली. याच सूत्रावर तो सांगतो: जाती म्हणजे ब्राह्मणत्व वगैरे, आणि उदाहरण देतो, ‘ब्राह्मणाला मी मारणार नाही’. मासे मारणारा गायब! व्यासभाष्यात मर्यादा पडते ती कोणते जीव मारायचे यावर, आणि त्यासाठी मासळीवर पोट असलेला माणूस पुढे येतो. भोजाकडे मर्यादा पडते ती ज्याला मारायचं नाही त्याच्या वर्णावर. एका उदाहरणाच्या अदलाबदलीने सूत्र किनाऱ्यावरून उठून राजसभेत जातं. मला इथे व्यासभाष्य सरस वाटतं, कारण त्याचं उदाहरण माणसाच्या रोजच्या कामातून आलेलं आहे. पण हा फरक दिसला तो दोघांना शेजारी ठेवल्यामुळेच. याला खेळ म्हणा हवं तर, पण त्यातूनच कळतं की ‘जाती’ या शब्दाचा अर्थ आधीपासून पक्का नव्हता.

आणि टीकाकारांचा कंटाळा येण्यात तुम्ही एकटे नाही. खुद्द भोज आपल्या वृत्तीच्या आरंभी त्यांची टर उडवतो: जे फार अवघड असतं ते ‘अर्थ स्पष्ट आहे’ म्हणून सोडून देतात, जे स्पष्ट असतं तिथे समास सोडवत पाल्हाळ लावतात, नको तिथे नको ते बोलून ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतात; सगळेच टीकाकार असे! एवढं बोलून मग तो स्वतः टीका लिहितो. त्याची वृत्ती खरोखरच आटोपशीर आहे, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

तुमच्या घरच्या प्रश्नासाठी मात्र चौतिसाव्या सूत्रापर्यंत जावं लागेल. तिथे हिंसेचे प्रकार मोजले आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला ‘बरं झालं’ म्हटलं ती, असे तीन. त्या प्रत्येकीचं मूळ लोभ, क्रोध किंवा मोह. भाष्य इथेही उदाहरण देतं: लोभ म्हणजे मांस-कातड्यासाठी, क्रोध म्हणजे ‘याने माझं वाईट केलं’ म्हणून, मोह म्हणजे ‘यातून मला पुण्य मिळेल’ म्हणून. झाले नऊ. प्रत्येक सौम्य, मध्यम किंवा तीव्र, म्हणजे सत्तावीस. या तिन्हींच्या पुन्हा तीन-तीन छटा, म्हणजे एक्याऐंशी. मग भाष्यकार स्वतःच म्हणतो की यांची सरमिसळ धरली तर मोजदादच संपणार नाही.

हे मालवणच्या किनाऱ्यावर लावून पाहू. हे लावणं माझं आहे, भाष्यातलं नाही. रापण ओढणाऱ्यांची हिंसा केलेली. ज्याची होडी-जाळी आहे आणि जो घरी बसून वाटा घेतो, त्याची करवलेली. मी बाजारात कोळणीशी घासाघीस करून सुरमई घेतो आणि ‘आज ताजी मिळाली’ म्हणून खूश होतो, तेव्हा माझी अनुमोदिलेली. मूळ बहुधा लोभ, पण पोटापुरता लोभ सौम्य. विणीच्या हंगामात बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लांसकट सगळं खरवडून आणणारा तीव्र. आणि जत्रेत गावदेवाला कोंबडं देणारा, ज्याला आपण या भानगडीत धरतही नाही, तो मोहाच्या खणात जातो. म्हणजे प्रश्न ‘मासळीवाला योगी होऊ शकतो का’ असा राहत नाही. माझ्या वाट्याला यातला कोणता प्रकार आहे आणि तो एका पायरीने सौम्य कसा होईल, असा होतो. त्याचं उत्तर रापणकराला जितकं द्यावं लागेल तितकंच मलाही.

यात गोडवा घालून सांगत नाही. त्याच भाष्यात पुढे हिंसेची फळंही आहेत: मारणारा आधी समोरच्याचं बळ हिरावतो, मग शस्त्राने दुखवतो, मग जीव घेतो, आणि या तिन्हींची परतफेड त्याला तशीच मिळते, नरकासकट. पोटासाठी केलं म्हणून सुटका, असं भाष्य कुठेही म्हणत नाही. तुम्हाला ते पटलं नाही तर पटलं नाही. पण पुस्तक मिटायचं तर हे वाचून मिटा.

सत्याच्या बाबतीतही हेच. सूत्रात नुसता शब्द आहे. भाष्य अट घालतं: बोलणं फसवं नको, भ्रमातून आलेलं नको, ऐकणाऱ्याला काही न कळणारं नको, आणि ते प्राण्यांच्या भल्यासाठी हवं, घातासाठी नको. भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र त्यावर दाखला देतात: चोरांनी विचारलं, व्यापाऱ्यांचा तांडा कुठून गेला? सत्यतपा नावाच्या तापसाने खरं ते सांगून टाकलं. शब्द खरे, पण हे सत्य नव्हे.

दुकानात पुस्तक निवडताना एक युक्ती वापरत जा. दुसऱ्या पादाचं एकतिसावं सूत्र उघडा. खाली मासे मारणारा असेल तर लेखक व्यासभाष्याच्या वाटेने चाललाय. ‘ब्राह्मणाला मारणार नाही’ असेल तर भोजाच्या. दोन्ही नसतील आणि विश्वबंधुत्वावर परिच्छेद असेल, तर पुस्तक जागेवर ठेवा.

मराठीत मी कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातञ्जल योगदर्शन’ सुचवीन. जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे, आणि नावातच लेखकाचा कल दिसतो: ते याकडे मनाचं शास्त्र म्हणून बघतात. सलग वाचू नका, सूत्राच्या क्रमांकाने उघडा. संस्कृत थोडंफार येत असेल तर पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली छापलेल्या पोथीत व्यासभाष्य, वाचस्पतींची टीका आणि भोजवृत्ती तिन्ही एकत्र आहेत. क्रम असा ठेवा: सूत्र, मग भाष्य, मग भोज. वाचस्पतींकडे फक्त भाष्यच अडलं तर जा. तुम्हाला जो कंटाळा आला, तो मला वाटतं चौघांना एका दमात वाचल्याचा आहे.

आणि पहिल्या पादापासून सुरुवात करायची गरज नाही. तिथे समाधीचे प्रकार लगेच अंगावर येतात. साधनपाद २८ ते ३४ एवढीच सात सूत्रं घ्या, भाष्यासकट. त्यानंतर हवं तर पस्तिसावं. अहिंसा पक्की झालेल्या माणसाच्या सान्निध्यात वैर सुटतं, असं ते म्हणतं. त्यावर भाष्य इतकं त्रोटक आहे की तुमच्या पाल्हाळाच्या तक्रारीला तिथे जागाच नाही.