तळ उघडा टाकलेली सेप्टिक टँक

"सेप्टिक टँकच्या तळाला काँक्रीट घालू नका. गोव्याची जांभ्याची जमीन पाणी पिते. तळ उघडा ठेवून एकच मोठी टाकी बांधा. वेगळा सोक पिट नको, चेंबर नकोत, ती सगळी बिल वाढवायची कामं. वीस वर्षं उपसावी लागत नाही. आमच्या आजोबांची तशीच होती." असा सल्ला ऐकू येतो. तो कुठे चुकतो, ते जमिनीपासून पाहू.

चिरेखाणीत ताजी कापलेली भिंत जवळून पाहा. दगडात बोट जाईल एवढ्या नळ्या असतात, वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या. त्यातून पाणी गाळून जात नाही, नुसतं वाहून जातं. खाली बऱ्याच ठिकाणी शेडी लागते, पांढरट-गुलाबी चिकणमाती. तिथे पाणी अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकतं. आपली विहीर बहुतेक वेळा त्याच पाण्यावर असते.

डिचोलीजवळ माझ्या मामाच्या घरी अशीच टाकी होती, विहिरीपासून जेमतेम नऊ मीटर, तीही वरच्या अंगाला. मेपर्यंत तक्रार नाही. जुलैत विहीर वरच्या पायरीपर्यंत चढली आणि मामीने कळशीतलं पाणी नाकाशी नेऊन ओतून टाकलं. भारतीय मानक IS 2470 पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा, म्हणजे सोक पिट, किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून 6 मीटर लांब ठेवायला सांगतं. भोकाळ जांभ्यात मी 18 मीटरलाही कमीतकमीच समजतो, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगालाच धरतो.

तळाचं म्हणाल तर टाकीचं काम पाणी मुरवणं नाहीच, ते सोक पिटचं. टाकी रोज बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरलेली असते. संडासातून जेवढं येतं तेवढंच दुसऱ्या टोकाने निवळून बाहेर जातं. मधल्या वेळात जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला लावलेला T आकाराचा जोड, टी, दोन्हींच्या मधलं पाणी उचलतो. तळ उघडा असला की उन्हाळ्यात पातळी टीच्या खाली उतरते, साय खाली बसते आणि कच्चा मैला थेट जमिनीत शिरतो. काही वर्षांत तोच मैला भोकं बुजवतो. पावसाळ्यात उलटं होतं, बाहेरचं पाणी तळातून आत येतं आणि साय उचलून पाइपात घालतं. ओळखायला सोपं आहे: मे महिन्यात झाकण उघडा. पाणी बाहेरच्या पाइपाच्या बुडाशी टेकलेलं असलं तर टाकी पक्की. खाली गेलेलं असलं तर ती गळते.

आता आकार. मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी, हे गणित लोक पाण्याच्या टाकीवरून उचलतात. इथे तीन जागा वेगळ्या मोजायच्या असतात: मैला खाली बसायला लागणारी, तो कुजायला लागणारी आणि कुजून उरलेला गाळ साठायला लागणारी. मामाकडे पाच माणसं, दोन संडास. दोन्ही एकाच वेळी फ्लश झाले तर मिनिटाला साधारण 18 लिटर येतात. मिनिटाच्या दर 10 लिटरला 0.92 चौरस मीटर पृष्ठभाग हवा, म्हणजे सुमारे 1.66. त्याला 30 सेंटिमीटर खोली दिली की 500 लिटर झाले. कुजायला माणशी 32 लिटर, म्हणजे 160. गाळ माणशी वर्षाला सुमारे 73 लिटर. दोन मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद, एक मीटर पाण्याची खोली घेतली तर 1800 लिटर होतात. पहिल्या दोन जागा वजा करून गाळाला 1140 उरतात, पाच जणांना तीन वर्षांपुरते. वर 30 सेंटिमीटर हवा मोकळी ठेवायची. झालं. हा हिशेब फक्त संडासाच्या पाण्याचा. न्हाणीचं पाणी आमच्याकडे माडांच्या मुळाशी जातं, आणि ते तिकडेच जावं.

मधल्या भिंतीचं काय? मानकात 2000 लिटरच्या वर दोन कप्पे लागतात, आपल्या टाकीला सक्ती नाही. मी तरी घालतो, चतुर्थीमुळे. त्या दिवसांत घरात वीस माणसं असतात, जमीन भिजलेली असते आणि फ्लश थांबत नाही. तळाच्या गाळातून वायूचे बुडबुडे उठतात, ते बसलेला मैला परत वर आणतात. भिंतीमुळे हा गोंधळ पहिल्या कप्प्यातच राहतो आणि दुसरा शांत असतो. पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश. भिंतीतलं भोक पाण्याच्या मध्यावर हवं. तळाशी ठेवलं तर गाळ जातो, वर ठेवलं तर साय. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा 50 ते 75 मिलिमीटर वर. हे उलटं बसवलेलं मी दोनदा पाहिलंय, दोन्हीकडे गवंडी छातीठोक होता.

सोक पिटचा आकार मात्र अंदाजाने ठरवू नका, जमिनीला विचारा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या खोलीवर छोटा खड्डा घ्या, तळाला थोडी खडी टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी परत पाणी घालून ते 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. त्याला t म्हणू. दिवसाला चौरस मीटरमागे जिरणारं पाणी लिटरमध्ये असं निघतं:

```
Q = 204 / √t
```

मामाच्या परड्यात दहा मिनिटं लागली, म्हणजे 65 लिटर. पाच जणांच्या फ्लशचे दिवसाला 200 लिटर धरले तर तीन चौरस मीटर हवेत. खड्ड्याच्या बाजूंचं क्षेत्र मोजायचं, तळाचं नाही, कारण तळ आधी बुजतो. 1.2 मीटर व्यासाचा खड्डा पाइपाच्या खाली 90 सेंटिमीटर गेला की पुरतो. याच घरात न्हाणी-स्वयंपाकाचं पाणीही सोडलं असतं, तर दिवसाला 675 लिटर होतात आणि तोच खड्डा पावणेतीन मीटर खोल न्यावा लागतो. तेवढ्यात तो पावसाळ्यातल्या भूजलाला टेकतो. खड्ड्याचा तळ आणि जुलैतली विहिरीची पातळी यांच्यात किमान दीड-दोन मीटर कोरडी जमीन हवी. आणि पाणी मिनिटाच्या आत उतरलं तर आनंद मानू नका. तिथे नळी लागलेली आहे, जागा बदला.

आजोबांचं खरंच चाललं असेल. ते तांब्याने पाणी ओतायचे, भिंतीवर फ्लशची टाकी नव्हती, आणि उघडी टाकी भरली की बाजूला दुसरी खणायला जागा होती. वीस वर्षं न उपसणं जमतं, कारण तोवर गाळ जमिनीत गेलेला असतो, टाकीत नाही.

मामाकडे पक्की टाकी विहिरीच्या खालच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला बांधली. तळ ओतून, आतून गिलावा करून, पाण्याने भरून चोवीस तास ठेवली, तेव्हाच ताबा घेतला. जुनी उपसून दगडमातीने बुजवली. आता दर मेमध्ये काठीला जुना पांढरा पंचा गुंडाळून झाकणातून तळापर्यंत सोडतो, थोडा वेळ धरतो, वर काढतो. आत उतरायचं नाही, जवळ विडी-काडीही नाही. काळा डाग आणि साय मिळून निम्म्या खोलीच्या वर गेली की टँकर बोलवायचा. यंदा, दोन वर्षांनंतर, डाग दीड वीत आला.