सिलिकॉनवर सिलिकॉन, तरी चुरा का?

"ताई, तुमच्या लेखात 'सिलिकॉनवर सिलिकॉन लावा' म्हणे! माझं सनस्क्रीन आणि फाउंडेशन दोन्ही सिलिकॉनचीच. सकाळी सीरम लावून मग ही दोन्ही लावते, तरी खोडरबराचा निघतो तसा चुरा निघतोच. अर्धवट माहिती लिहून लोकांचे पैसे का घालवता? सनस्क्रीन थोडं लावलं की काही होत नाही, हे साधं तुम्हाला सुचत नाही? फोटोही धूसर आहेत."

फोटो धूसर आहेत, मान्य. बदलते.

पैसे घालवण्याचं म्हणाल, तर त्या लेखात मी एकही वस्तू विकत घ्यायला सांगितलेली नाही. प्रश्न विचारायचा तर सरळ विचारावा, आधी आरोप कशाला? मी नाटकाच्या मेकअपपासून सुरुवात केली. दिव्यांच्या उकाड्यात नटांच्या कपाळावरून सुटणारे थर बोटांनी सावरत हे काम शिकले आहे, लेबलं वाचून नाही.

आता 'दोन्ही सिलिकॉनचीच' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? घटकांच्या यादीत डायमेथिकोन हे सिलिकॉन दिसलं म्हणून असेल, तर तेवढ्याने काही ठरत नाही. पाण्याच्या साध्या क्रीममध्येही ते थोडंसं असतं. उलट फाउंडेशनच्या यादीत पाणी पहिलं असूनही ते सिलिकॉनचं असू शकतं, कारण पाण्याचे सूक्ष्म थेंब सिलिकॉनमध्ये अडकवलेले असतात. बाहेरचा भाग कशाचा आहे, ते महत्त्वाचं. पेलाभर पाण्यात थेंबभर टाका आणि ढवळा. दुधासारखं पसरलं तर बाहेर पाणी आहे. गोळा होऊन तरंगलं किंवा चमच्याला चिकटलं तर बाहेर तेल किंवा सिलिकॉन. मग यादीतल्या पहिल्या काही नावांत सायक्लोपेंटासिलॉक्सेन किंवा डायमेथिकोन असेल, तर बहुधा सिलिकॉनच. माझा नियम या बाहेरच्या भागापुरता होता.

समजा, दोन्ही खरंच सिलिकॉनची निघाली. तरी तुमच्याच वाक्यात एक तिसरी वस्तू आहे: सीरम. तक्रारीत तुम्ही ती जाता जाता सांगितलीत, पण माझा संशय आधी तिच्यावरच जातो. जेलसारख्या सीरममध्ये बहुतेक वेळा घट्टपणा आणणारं कार्बोमर किंवा झँथन गम असतं, जोडीला सोडियम हायल्युरोनेट. पाणी उडून गेलं की त्यांचा पातळ पापुद्रा उरतो, आणि तो त्वचेला घट्ट धरून नसतो. त्यावर सिलिकॉनचं घसरडं सनस्क्रीन आलं आणि वरून बोट आडवं फिरलं, की पापुद्रा सुटतो आणि गुंडाळत जातो. सनस्क्रीनमधली झिंक ऑक्साइडसारखी पूड त्या गुंडाळीत अडकते आणि चुरा डोळ्यांना दिसू लागतो. वरच्या दोन थरांचं कितीही जमलं तरी पाया सुटलेला असेल तर काय उपयोग?

दुसरी शक्यता घाईची. फाउंडेशनमधलं उडून जाणारं सिलिकॉन खालच्या सनस्क्रीनचा अर्धवट बसलेला थर पुन्हा मऊ करतं. अशा वेळी घासलंत तर दोन्ही एकत्र गोळा होतात. म्हणजे सिलिकॉनवर सिलिकॉन जमतं, पण खालचं बसू दिलं तर.

कुठली शक्यता, ते चुऱ्याचा रंग पाहून बऱ्याचदा कळतं. पांढरा किंवा पारदर्शक असेल तर गडबड खालच्या थरांत आहे. त्वचेच्या रंगाचा असेल तर फाउंडेशन त्यात ओढलं गेलंय. खात्री हवी असेल तर हाताच्या आतल्या बाजूला तीन पट्टे करा: एकावर सीरम आणि सनस्क्रीन, दुसऱ्यावर सनस्क्रीन आणि फाउंडेशन, तिसऱ्यावर तिन्ही. प्रत्येक थरानंतर थोडं थांबा, मग सगळ्यांवर बोट सारख्याच जोराने फिरवा. पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यावरच चुरा निघाला, तर दोषी सीरम.

तसं असेल तर ते रात्री लावा. सकाळीच हवं असेल तर अगदी पातळ लावा आणि चिकटपणा जाईपर्यंत थांबा. सनस्क्रीन दोन पातळ हातांत द्या आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. मग फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबत लावा, ओढू नका. मध्ये सिलिकॉनचा प्रायमर नको. घसरडा थर आणखी एक वाढतो.

सनस्क्रीन थोडं लावायची युक्ती मला सुचली नाही, खरंय. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. त्याहून कमी लावलंत तर चुरा कमी होईल, संरक्षणही कमी होईल. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

कोणत्या पट्ट्यावर चुरा निघाला आणि कुठल्या रंगाचा, ते कळवा. सीरमच्या यादीतली पहिली दहा नावंही लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल. आणि या वेळी जरा नीट बोला.